ईमेलची विषयओळ ईमेलपुरतीच ठेवा. जुन्या अंकाच्या पेजला स्वतःचं शीर्षक द्या

प्रश्न: आमची शेतकरी उत्पादक कंपनी औसा तालुक्यात आहे. सोयाबीन, तूर, हरभरा करणाऱ्या सभासदांना दर आठवड्याला ईमेलने पत्र जातं आणि तेच पत्र वेबसाइटवर ‘जुने अंक’ मध्ये ठेवतो. ईमेल चांगले उघडले जातात, पण जुने अंक गूगलवर शोधून कुणीच येत नाही. विषयओळी बदलायच्या का? की आणखी काही करावं लागतं?

उत्तर:

ताई, विषयओळींना हात लावू नका. त्या चालत आहेत, सभासद ईमेल उघडत आहेत, म्हणजे त्यांचं काम त्या चोख करत आहेत. अडचण अशी आहे की तीच ओळ तुम्ही वेबसाइटच्या पेजचं शीर्षक म्हणूनही वापरता. ईमेल ज्याच्या हातात पडतो तो तुम्हाला ओळखतो. आज काय वार आहे, या आठवड्यात पाऊस कसा झाला, हे त्याला माहीत असतं. त्यामुळे ‘पानं काहीतरी सांगतायत…’ एवढ्या ओळीवरही तो थांबतो. गूगलवर शोधणारा माणूस मात्र तुम्हाला ओळखत नाही. तो निलंग्याचा असेल, नाहीतर वसमतचा. तुमचं पत्र निघतं हेसुद्धा त्याच्या गावी नसतं. सोयाबीन पिवळं पडलंय म्हणून बांधावर उभा राहून तो मोबाइलवर काहीतरी टाइप करतो. त्याने टाइप केलेल्या शब्दांतला एकही शब्द ‘पानं काहीतरी सांगतायत’ मध्ये नाही.

म्हणून जुन्या अंकाच्या पेजला स्वतःचं शीर्षक आणि स्वतःचं वर्णन लागतं. हे एका अंकावर शेवटपर्यंत करून दाखवतो. बाकीचे अंक तुम्ही त्याच रीतीने कराल.

त्याआधी एक तपासणी, कारण ती चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. ते पेज गूगलच्या यादीत आहे का, हे बघा. ईमेल पाठवणाऱ्या काही सेवा स्वतःच्या जुन्या अंकांच्या पेजवर शोधयंत्रांना मनाई करणारी ओळ घालतात. काही वेळा वेबसाइट बनवणाराच काम चालू असताना ती घालतो आणि काढायची राहून जाते. संगणकावर पेज उघडा, त्याचा सोर्स म्हणजे पेजमागचा कोड बघा आणि त्यात ही ओळ आहे का ते शोधा:

```html
<meta name="robots" content="noindex">
```

ही ओळ असेल तर शीर्षक कितीही चांगलं लिहा, पेज शोधात येणार नाही. ती आधी काढायला सांगा. त्यानंतर गूगलच्या मोफत `Search Console` मध्ये वेबसाइट जोडा आणि वरच्या `URL Inspection` च्या पट्टीत त्या अंकाचा पत्ता टाका. पेज यादीत आहे की नाही, नसेल तर का नाही, हे तिथे स्पष्ट लिहून येतं. नुसतं `site:` आणि त्याला जोडून पेजचा पत्ता टाकून गूगलवर शोधलं तरी अंदाज येतो, पण ती यादी पूर्ण नसते. तिच्यावरून ‘पेज नाहीच’ असा निष्कर्ष काढू नका.

आणखी एक. ईमेलच्या माथ्यावर ‘ब्राउझरमध्ये पाहा’ अशी लिंक असते. तो पत्ता म्हणजे जुना अंक नव्हे. अनेक सेवांमध्ये त्या पत्त्यात त्या त्या सभासदाची ओळख दडलेली असते आणि त्याच पेजवर त्याचं सभासदत्व रद्द करण्याची लिंकही असते. असला पत्ता कुणी फेसबुकवर टाकला तर पंचाईत होते. गटांमध्ये द्यायचा पत्ता नेहमी तुमच्या वेबसाइटवरच्या अंकाचाच असू द्या.

आता मुख्य काम. समजा जुलैतला एक अंक आहे. त्याची विषयओळ ‘पानं काहीतरी सांगतायत…’. अंकात चार गोष्टी आहेत: सोयाबीनची पाने पिवळी पडण्याची कारणं, तुरीतल्या कोळपणीबद्दल दोन ओळी, लातूर बाजार समितीतले त्या आठवड्याचे भाव आणि कंपनीच्या सभेची सूचना. पेजच्या सोर्समध्ये आज असं दिसत असेल:

```html
<title>पानं काहीतरी सांगतायत… | अंक ३२</title>
```

वर्णनाची ओळ बहुधा नसेलच. ती नसली की गूगल पेजवरचा मजकूर उचलतं, आणि ईमेल जसाच्या तसा पेजवर चिकटवलेला असेल तर तो मजकूर बऱ्याचदा ‘हा ईमेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा. नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो, या आठवड्यात सगळीकडे…’ असा असतो. शोधणाऱ्याला निळ्या ओळीत कोडं आणि खाली नमस्कार दिसतो. तो पुढच्या दुव्यावर जातो, त्यात त्याची काही चूक नाही.

पहिला निर्णय असा की या अंकातली कोणती गोष्ट सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी कुणीतरी शोधेल? भाव नाही, ते पुढच्या सोमवारी शिळे होतात. सभेची सूचना तर नाहीच. कोळपणीच्या दोन ओळी एवढ्या त्रोटक आहेत की त्यासाठी आलेल्या माणसाचं समाधान होणार नाही. उरतं सोयाबीनचं पिवळं पडणं. ते दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये घडतं आणि दरवर्षी शोधलं जातं. अंकाच्या पेजचं शीर्षक त्या एकाच गोष्टीचं करायचं. बाकीच्या तीन गोष्टी पेजवर राहू द्या, फक्त शीर्षकात घेऊ नका. ‘सोयाबीन, तूर, बाजारभाव आणि बरंच काही’ असं शीर्षक कुठल्याच शोधाचं उत्तर होत नाही.

इथे बहुतेक लोक ‘सोयाबीन पिवळे पडणे: संपूर्ण माहिती’ एवढ्यावर थांबतात. तसं करू नका. तुमच्या अंकात खरं काय आहे ते बघा. समजा त्यात लिहिलंय की चुनखडीच्या काळ्या रानात पाणी साचून वाफसा मोडला की पिकाला लोह मिळत नाही. मग शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे येतात, तो रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि सुरुवातीला शेतात तुरळक झाडांवरच दिसतो. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात. म्हणजे अंकाचं खरं मोल तीन कारणांतला फरक ओळखायला शिकवण्यात आहे. शेतकऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं, कारण मोझॅक समजून कीटकनाशकावर पैसे घातले आणि दोष लोहाचा निघाला, तर फवारा फुकट जातो. शीर्षकात हा फरक यायला हवा:

```html
<title>सोयाबीन पिवळे का पडते? लोहाची कमतरता की पिवळा मोझॅक</title>
<meta name="description" content="कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या: लोहाची कमतरता. पिवळे-हिरवे चट्टे आणि पांढरी माशी: मोझॅक. खालची जुनी पाने पिवळी: नत्र. शेतात फरक कसा ओळखावा आणि फवारणीआधी काय बघावे.">
```

शीर्षकाची पहिली तीन-चार शब्दांची जागा सगळ्यांत महाग. मोबाइलवर शोधनिकालात शीर्षक किती दिसेल हे अक्षरांच्या संख्येवर नाही, रुंदीवर ठरतं. गूगल ठरावीक अक्षरमर्यादा सांगत नाही, जागा संपली की कापतं. देवनागरीत तर ‘मोझॅक’ आणि ‘कमतरता’ या शब्दांची रुंदी अक्षरं मोजून कळतच नाही. म्हणून इंग्रजी लेखांतला ‘साठ अक्षरे’ हा नियम आपल्याला जशाच्या तसा लागू होत नाही. माझी रीत साधी आहे: शीर्षक मधोमध तोडलं तरी पहिल्या अर्ध्या भागावरून विषय कळला पाहिजे. ‘सोयाबीन पिवळे का पडते?’ एवढंच दिसलं तरी काम होतं. ‘अंक ३२’, ‘जुलै’, कंपनीचं नाव हे सगळं शेवटी, आणि जागा नसेल तर नकोच. गूगल वेबसाइटचं नाव निकालात वेगळं दाखवतंच.

वर्णनाबद्दल गैरसमज फार आहेत. वर्णनात शब्द कोंबले तर पेज वर येतं, असं सांगणारे भेटतील. तसं होत नाही. गूगल वर्णनाचा उपयोग पेजचा क्रम ठरवायला करत नाही. वर्णनाचा उपयोग एवढाच की शोधणाऱ्याला तिथल्या तिथे कळावं, हे पेज माझ्या कामाचं आहे. बरं, गूगल प्रत्येक वेळी तुमचं वर्णन दाखवतंच असंही नाही. शोधलेल्या शब्दांना पेजवरचा एखादा परिच्छेद जास्त जुळला तर ते तो दाखवतं. म्हणून वर्णन लिहिण्यात अर्धा दिवस घालवू नका. दोन-तीन वाक्यं, त्यात पेजवर जे आहे तेच, आणि शक्य तिथे थेट उत्तराचा तुकडा. वर दिलेल्या वर्णनात मी ‘जाणून घ्या’, ‘वाचा सविस्तर’ असं काही घातलं नाही. ती जागा लक्षणांना दिली, कारण आपल्या शेतातलं लक्षण तिथे दिसलं की माणूस आपोआप आत येतो. उत्तर बाहेरच सांगितलं तर आत कोण येईल, अशी भीती तुम्हाला वाटेल. शेतकऱ्याच्या बाबतीत ती खोटी आहे. लक्षण जुळल्यावर त्याला पुढचं, म्हणजे फवारू की थांबू, हे हवंच असतं.

जाता जाता: जुन्या वेबसाइटवर `meta keywords` नावाचा रकाना असतो आणि त्यात वीस शब्द भरायचा आग्रह कुणीतरी धरतो. गूगल ते वाचतच नाही. २००९ सालीच त्यांनी हे जाहीर सांगितलंय. रिकामं सोडा.

हे कुठे भरायचं? तुमची वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर योस्ट किंवा रँक मॅथसारख्या प्लगिनमध्ये प्रत्येक पोस्टखाली शीर्षक आणि वर्णनाचे रकाने मिळतात. सबस्टॅकवर पोस्टच्या सेटिंगमध्ये `SEO title` आणि `SEO description` आहेत, घोस्टवर `Meta title` आणि `Meta description`. हे रकाने रिकामे असले की या सेवा पोस्टचं मूळ शीर्षक, म्हणजे बहुधा तुमची विषयओळच, तिथे वापरतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

रकाना भरला तरी एक गोष्ट उरते आणि ती हमखास सुटते. पेज उघडल्यावर वर मोठ्या अक्षरांत दिसणारं नाव अजून ‘पानं काहीतरी सांगतायत…’ असतं. आतलं शीर्षक एक आणि डोळ्यांना दिसणारं दुसरं असेल, तर गूगल कधीकधी दिसणारं मोठं शीर्षक उचलून निकालात दाखवतं. मग तुम्ही म्हणाल, मी बदललं तरी जुनंच दिसतंय. म्हणून पेजवरचं मोठं शीर्षकही बदला. ईमेल एकदा गेला की गेला. वेबवरच्या पेजचं शीर्षक बदलल्याने सभासदांच्या इनबॉक्समधली विषयओळ बदलत नाही, आणि नुसतं अपडेट केल्याने ईमेल पुन्हा जातही नाही. फक्त अपडेट करताना ‘पुन्हा ईमेल पाठवा’ अशी खूण केलेली नाही ना, हे एकदा डोळ्यांखालून घाला. तुमची मूळ ओळ तुम्हाला जपायची असेल तर ती मोठ्या शीर्षकाखाली उपशीर्षक म्हणून ठेवा. तिथे ती छान शोभते.

गूगल शीर्षक बदलून दाखवण्याची आणखी दोन कारणं आपल्याकडे वारंवार दिसतात. एक, सगळ्या अंकांची शीर्षकं जवळपास सारखी असणं. ‘साप्ताहिक शेती सल्ला – अंक ३१’, ‘साप्ताहिक शेती सल्ला – अंक ३२’ अशी ओळ लागली की कुठल्या पेजवर काय आहे हे त्यातून कळत नाही आणि गूगल स्वतःच्या मनाने काहीतरी लावतं. दुसरं, मजकूर मराठी आणि शीर्षक रोमन लिपीत. ‘Soyabean pivle ka padte’ असं शीर्षक मुद्दाम ठेवणारे आहेत, कारण शेतकरी तसंच टाइप करतात. टाइप करतात हे खरं. पण पेजची भाषा आणि लिपी जी, तीच शीर्षकाची असावी, असं गूगलच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे. जुळली नाही तर ते शीर्षक बदलू शकतं. शीर्षक देवनागरीतच ठेवा. रोमन अक्षरांसाठी जागा आहे ती पेजच्या पत्त्यात.

पत्ता रोमनमध्ये ठेवण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याच ठिकाणी तो टक्केचिन्हांच्या लांबलचक माळेत बदलतो. देवनागरीतली प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, नऊ अक्षरांची होते. ‘सोयाबीन’ या एका शब्दाची त्रेसष्ट अक्षरं होतात. असा पत्ता गटात टाकला की लोक त्याला व्हायरस समजून हात लावत नाहीत. त्यापेक्षा हे बरं:

```
/ank/soyabean-pivle-karane
```

पण हे नव्या अंकांसाठी. जुन्या अंकांचे पत्ते सभासदांच्या ईमेलमध्ये, गटांमध्ये फिरलेले असतात. ते बदलायचे तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण, म्हणजे `301`, लावता आलं पाहिजे. येत नसेल तर जुना पत्ता तसाच राहू द्या. शीर्षक बदललं की बरंचसं काम होतं. नुसत्या पत्त्यासाठी चालू लिंका मोडू नका.

आपल्याकडे व्हॉट्सॲपचा विचार केल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. गटात लिंक टाकल्यावर तिच्यासोबत जो चौकोन दिसतो, त्यातलं नाव आणि दोन ओळी `og:title` आणि `og:description` या खुणांतून येतात. बहुतेक सेवा रिकामी जागा दिसली की इथेही पोस्टचं नाव भरतात. गटातल्या माणसासाठी शीर्षक थोडं बोलकं असलं तरी चालतं, कारण लिंक कुणीतरी ओळखीच्याने टाकलेली असते. त्यामुळे इथे ‘सोयाबीन पिवळं पडलंय? फवारणीआधी हे बघा’ असं लिहिता येईल. वेळ नसेल तर पेजचंच शीर्षक तिथेही वापरा, काही बिघडत नाही. फक्त बदल केल्यावर व्हॉट्सॲपवर काही काळ जुनाच चौकोन दिसू शकतो. त्याने घाबरून पुन्हा पुन्हा बदलत बसू नका.

आता शीर्षकाने दिलेला शब्द पेजने पाळला पाहिजे. आपल्या अंकात सोयाबीनचा भाग पहिला आहे म्हणून ठीक. पण तो तिसरा असता, आणि वर भाव, वर सभेची सूचना असती, तर शोधून आलेला माणूस भावाच्या तक्त्यावरच परत फिरला असता. वेबवरच्या प्रतीत तो भाग वर आणा. ‘नमस्कार’, ‘मागच्या आठवड्यात म्हटल्याप्रमाणे’ अशी वाक्यं काढा. ईमेलमध्ये सभासदाचं नाव आपोआप येण्यासाठी घातलेली खूण वेबवर `*|FNAME|*` अशी उघडी पडते, तीही काढा. ‘आज सकाळी’ आणि ‘परवाच्या पावसाने’ यांच्या जागी तारीख घाला, कारण दोन वर्षांनी वाचणाऱ्याचा ‘परवा’ वेगळा असतो. कारणांच्या प्रत्येक भागाला छोटं उपशीर्षक द्या: ‘लोहाची कमतरता कशी ओळखावी’, ‘पिवळा मोझॅक कसा ओळखावा’. मोबाइलवर बोटाने सरकवत येणाऱ्याला थांबायला तीच जागा असते.

एकाच अंकात दोन दमदार विषय असतील तर? समजा ऑक्टोबरच्या अंकात हरभऱ्याची बीजप्रक्रिया पूर्ण लिहिली आहे आणि तुरीच्या मर रोगावरही भरपूर आहे. अशा वेळी मी दोन पेज करतो. अंकाचं मूळ पेज तसंच राहतं, त्यातला एक विषय शीर्षकात जातो, आणि दुसरा विषय स्वतंत्र पेजवर नेऊन मूळ अंकात त्याचा छोटा सारांश आणि लिंक ठेवतो. दोन्हीकडे तोच मजकूर शब्दशः ठेवू नका, नाहीतर कुठलं पेज दाखवायचं हे गूगल ठरवेल आणि ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही. मात्र प्रत्येक तुकड्याचं पेज करायचा मोहही नको. दोन परिच्छेदांचं पेज स्वतःच्या पायावर उभं राहत नाही.

शब्द निवडताना पुस्तकातलं नाव आणि शिवारातलं नाव दोन्ही लक्षात घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत ‘मर रोग’ असतो, शेतकरी ‘तूर उधळली’ म्हणतो. शीर्षकात एक आणि वर्णनात किंवा पहिल्या परिच्छेदात दुसरा, असं सहज बसतं: ‘तुरीचा मर रोग: झाडे अचानक का वाळतात’, आणि खाली पहिल्याच वाक्यात ‘तूर उधळली की…’. एकाच शीर्षकात चार पर्यायी शब्द स्वल्पविरामाने लावू नका. ते वाचायलाही वाईट आणि गूगललाही आवडत नाही. वाणाचं नाव असेल तर लोक जसं लिहितात तसं ठेवा. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा तुरीचा वाण लोक `BDN 711` असाही शोधतात आणि ‘बीडीएन ७११’ असाही. इथे मात्र शीर्षकात देवनागरी आणि मजकुरात एकदा रोमन, असं दोन्ही येऊ द्या.

कोणते जुने अंक आधी घ्यायचे? सगळे घेऊ नका. ज्यांत फक्त भाव, हवामानाचा अंदाज, सभांच्या सूचना आहेत ते तसेच राहू द्यात. पीक विम्याची मुदत, हमीभाव असे विषय असतील तर शीर्षकात वर्ष घाला, म्हणजे जुनी माहिती आजची समजून कुणी फसणार नाही. पण प्रकाशनाची तारीख ताजी करून जुना अंक नवा भासवू नका. पांढऱ्या माशीसाठी दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं औषध आज शिफारशीत असेलच असं नाही. असा अंक वर आणण्यापूर्वी त्यातला औषधाचा आणि मात्रेचा भाग सहायक कृषी अधिकाऱ्याकडून तपासून घ्या आणि ‘अमुक महिन्यात तपासले’ असं वर लिहा. शोधातून येणारा माणूस तुमचा सभासद नसतो. त्याला तुम्ही पुढच्या आठवड्यात ईमेलने दुरुस्ती कळवू शकत नाही.

एकाच विषयावर तीन वर्षांत तीन अंक निघाले असतील तर त्यांतला सर्वांत भरीव अंक मुख्य धरा. त्याला सर्वसाधारण शीर्षक द्या आणि बाकीच्या दोघांना त्यांचं वेगळेपण. उदाहरणार्थ, ‘सततच्या पावसानंतर सोयाबीन पिवळे: पाण्याचा निचरा आणि वाफसा’. मग त्या दोघांतून मुख्य अंकाकडे लिंक द्या. तिघांनाही तेच शीर्षक दिलंत तर तिघं आपसातच ओढाताण करतील.

वेळही पाळावी लागते. गूगल बदललेलं पेज लगेच वाचतंच असं नाही, कधी काही दिवस, कधी काही आठवडे जातात. `URL Inspection` मधून पेज पुन्हा वाचण्याची विनंती करता येते, पण तीही हमी नव्हे. त्यामुळे सोयाबीनचे अंक मे-जूनमध्ये दुरुस्त करा, हरभऱ्याचे सप्टेंबरात, तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीचे ऑक्टोबरपर्यंत. पिकावर रोग दिसल्यावर शीर्षक बदललं तर त्या हंगामातला शोध निघून गेलेला असतो.

‘जुने अंक’ हे यादीचं पेजही बघा. त्यावर ‘अंक ३१’, ‘अंक ३२’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिथेही नवी शीर्षकं घाला. लिंकवरचे शब्द वाचूनच पलीकडे काय आहे हे माणसाला आणि गूगललाही कळतं. यादी ‘आणखी दाखवा’ बटणामागे दडलेली असेल तर गूगल ते बटण दाबत नाही. मग दोन वर्षांपूर्वीच्या अंकापर्यंत पोचायला वाटच उरत नाही. पिकांनुसार तीन साधी पेज करा, सोयाबीन, तूर, हरभरा, आणि प्रत्येकावर त्या पिकाचे अंक सरळ लिंकांनी लावा. कामाच्या प्रत्येक जुन्या अंकापर्यंत निदान एक तरी साधी लिंक जायला हवी.

शेवटी, फरक पडला का हे कसं ओळखायचं? `Search Console` मधल्या `Performance` अहवालात फक्त एका अंकाचा पत्ता निवडून बघा. तिथे मागच्या सोळा महिन्यांपर्यंतची माहिती मिळते, म्हणजे गेल्या वर्षीचा जुलै आणि यंदाचा जुलै शेजारी ठेवता येतो. तुलना अशीच करा. जुलैची मेशी केली तर हंगामामुळे आकडे वाढतीलच आणि श्रेय शीर्षकाला जाईल. पेज निकालात दिसतंय, `Impressions` वाढलेत, पण `Clicks` नाहीत, असं असेल तर आधी सरासरी क्रम बघा. क्रम पहिल्या दहाच्या आसपास असेल तर शीर्षक आणि वर्णनात अजून काम आहे. क्रम चाळीस-पन्नासावर असेल तर लोक तिथवर पोचतच नाहीत, तिथे शीर्षक घासून उपयोग नाही, मजकूर भरीव करा. `Impressions` शून्यच असतील तर पेज यादीत आहे का हे पुन्हा तपासा. आणि `Queries` ची यादी मन लावून वाचा. तिथे शेतकऱ्यांनी प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द असतात. ‘सोयाबीनला कोंब कमी’ असं काहीतरी तिथे वारंवार दिसलं आणि त्यावर तुमचा एकही अंक नसेल, तर पुढच्या आठवड्याच्या पत्राचा विषय तिथेच मिळाला. विषयओळ मात्र तेव्हाही सभासदांसाठी वेगळी लिहा.